बारावीला किंवा पदवीला

गुणपत्रिका लॅमिनेट केलेली होती आणि उजव्या कडेजवळ प्लास्टिकच्या आत हवेचा एक बुडबुडा अडकला होता, बाजरीच्या दाण्याएवढा. किशोरी मॅडमनी गुणपत्रिका खिडकीच्या उजेडाकडे तिरपी धरली, तेव्हा त्या बुडबुड्याची बारीक सावली 'राज्यशास्त्र' या शब्दावर पडली. त्यांनी बोटाने वरपासून खालपर्यंत विषय वाचले. इंग्रजी, मराठी, इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र. बोट शेवटी पोचलं आणि पुन्हा वर गेलं.

"गणित कुठंय?" त्यांनी विचारलं.

शार्दूल खुर्चीच्या कडेवर बसला होता. रात्रपाळी करून तो तळोज्याहून थेट इथे आला होता. कारखान्यातल्या रसायनांच्या वासाने रोज सकाळी डोळे लाल व्हायचे, तसे ते आजही होते. त्याच्या मागच्या खुर्चीवर मिताली, त्याची बायको, मांडीवर प्लास्टिकची फाइल घेऊन बसली होती.

"बारावीला नव्हतं, मॅडम. मी आर्ट्सचा."

"बीएला?"

"राज्यशास्त्र."

"मग फॉर्ममध्ये गणितापुढं 'हो' का केलंय?"

नवीन पनवेलच्या एका कॉलेजात एमसीएच्या प्रवेशाचं छाननी केंद्र होतं. पहिल्या मजल्यावरची प्रयोगशाळा त्यासाठी रिकामी केली होती. टेबलांवरचे गॅसचे नळ तसेच होते, त्यांवर कोणीतरी वर्तमानपत्रं पांघरवली होती. किशोरी मॅडम एरवी याच खोलीत रसायनशास्त्र शिकवायच्या. जुलैत त्यांच्या वाट्याला ही ड्युटी यायची.

शार्दूलने फाइल मागितली. मितालीने ती त्याला हवं ते पान उघडून दिली. त्यातून त्याने एक जाड कागद काढला. सोनेरी किनार, मध्ये कंदिलासारखं काहीतरी चिन्ह, खाली लपेटदार सही.

"ब्रिज कोर्स केलाय, मॅडम. गणिताचा."

मॅडमनी ते प्रमाणपत्र दोन्ही बाजूंनी पाहिलं. मागची बाजू कोरी होती.

"हे कोणी दिलं?"

"क्लासनं. खांदा कॉलनीत आहे."

"छान छापलंय," मॅडम म्हणाल्या. त्या चेष्टा करत नव्हत्या, नुसत्या दमलेल्या होत्या. "हे बघा. नियम असाय, पदवी कुठलीही चालते. बीए, बीकॉम, काहीही. निम्मे गुण हवेत, राखीव गटाला थोडी सूट. आणि गणित बारावीला किंवा पदवीला. या दोन्हींपैकी एका जागी. ब्रिज कोर्स विद्यापीठ लावतं, प्रवेश झाल्यावर. आधी पात्रता, मग ब्रिज. तुम्ही पूल आधी बांधलाय आणि नदीवर पोचलाच नाहीत."

"पण सीईटी तर दिली मी. हॉल तिकीट आलं, निकाल लागला. अठ्ठ्याऐंशी पर्सेंटाइल आहेत."

"सीईटीचा फॉर्म भरताना कोणी गुणपत्रिका बघत नाही. तुम्ही लिहाल ते खरं धरतात. बघतात ते इथं."

"त्यात गणिताचे प्रश्न होते, मॅडम. मला बरेच आले."

"आले असतील. तुम्हाला गणित येतं का ते सीईटीनं तपासलं. मी कागद तपासते."

शार्दूल उगाच म्हणाला, "पायथन येतं मला. थोडं."

"तो रकानाच नाही," मॅडम म्हणाल्या. "कॉम्प्युटर येतो का, हे मला कुणी विचारायला सांगितलेलं नाही. वयही नाही. काल एक बाई आल्या होत्या, मुलगा दहावीला आहे त्यांचा. बीकॉम. बारावीला गणित सोडून एसपी घेतलेलं. पहिल्या वर्षाची गुणपत्रिका दाखवली, त्यात गणित आणि सांख्यिकीचा पेपर आहे. पुढं सोडलं मी त्यांना."

खोलीत पंखा फिरत होता. मितालीने फाइलचं बटण लावलं आणि पुन्हा उघडलं.

ती बीकॉम होती. बारावीला तिनेही गणित सोडून सेक्रेटरियल प्रॅक्टिस घेतलं होतं, म्हणजे एसपी, कारण तिच्या वर्गातल्या सगळ्या मुलींनी तेच घेतलं होतं. पहिल्या वर्षाला मात्र गणित आणि सांख्यिकीचा पेपर सक्तीचा होता. ती गुणपत्रिका या फाइलमध्ये, शार्दूलच्या कागदांच्या मागे होती. सीईटी तिनेही दिली होती.

त्याचं असं झालं होतं. शार्दूलला एकट्याने अभ्यासाला बसायचा कंटाळा यायचा. सासूबाई म्हणाल्या, तू पण भर गं परीक्षेचा फॉर्म, त्याला सोबत होईल. शेजारणींना त्या हसून सांगायच्या, "नवऱ्याला सोबत म्हणून परीक्षा देणारी आमची मितालीच." तिला ब्याऐंशी पर्सेंटाइल मिळाले. घरात पेढे शार्दूलच्या अठ्ठ्याऐंशीचे आले.

माहितीपत्रक तिने मार्चमध्येच वाचलं होतं, पहिल्या पानापासून. गणिताच्या अटीचं, बारीक अक्षरांतलं ते वाक्य तिने शार्दूलला दाखवलंही होतं. तो म्हणाला होता, क्लासचे राजस सर म्हणतात ब्रिज केला की झालं. त्यांच्याकडून दरवर्षी मुलं एमसीएला लागतात. ती पुढे काही बोलली नव्हती. पुढे बोलायचं म्हणजे, तुझं होणार नाही, पण माझं होईल, असं बोलावं लागलं असतं.

"दुसरा काही मार्ग?" शार्दूलने विचारलं.

"राज्याबाहेरची काही विद्यापीठं गणिताशिवाय घेतात, मग स्वतःचा ब्रिज कोर्स लावतात. त्यांची माहितीपत्रकं वाचा, शेवटपर्यंत वाचा. बारावीचा एकट्या गणिताचा पेपर मुक्त विद्यालयातून देता येतो. तो इथं धरतील का, ते मी तोंडी सांगणार नाही. प्रवेश कक्षाला लेखी विचारा, आणि उत्तर जपून ठेवा. नियमही बदलत असतात. पण हे सगळं पुढच्या वर्षाचं. या वर्षीची नोंदणी उद्या संध्याकाळी बंद."

त्यांनी गुणपत्रिका परत केली. मग मितालीकडे पाहिलं.

"तुमचा पण फॉर्म आहे?"

"नाही," मिताली म्हणाली. "मी सोबत आलेय."

दारातला शिपाई, दाजी, पुढच्या उमेदवाराला अडवून सांगत होता, "झेरॉक्स खाली नाय मिलत, मशीन बंद हाय. आमी काय करणार? स्टेशनाकडं जा."

---

क्लास औषधांच्या दुकानाच्या वर होता. जिन्यात ओल्या चपलांचा ढीग. राजस सर शार्दूलपेक्षा दोन वर्षांनी लहान होते आणि शाळेत त्याच्या मागे होते, पण क्लासमध्ये शार्दूल त्यांना सरच म्हणायचा.

"असं कसं रिजेक्ट केलं?" राजस सर म्हणाले. "कोण होतं? किशोरी मॅडम? अरे त्या फार नियमावर बोट ठेवतात. दुसऱ्या केंद्रावर जा."

"दुसऱ्या केंद्रावर बारावीत गणित उगवेल का?" शार्दूलने विचारलं.

सर हसले. शार्दूल हसला नाही.

"सर, तुम्ही म्हणाला होतात ब्रिज केला की झालं."

"अरे, मी म्हणालो होतो ब्रिज लागतो. लागतोच. बीए, बीकॉमवाल्यांना लागतोच."

"प्रवेशानंतर. आणि विद्यापीठाचा."

"हां, तो तो. पण आपला पण उपयोग झालाच की. पाया पक्का झाला. अठ्ठ्याऐंशी कुठून आले?"

शार्दूलने भिंतीकडे पाहिलं. तिथे लागलेल्या मुलांचे फोटो होते. त्याने एकेका फोटोखालचं नाव वाचलं आणि नावापुढची पदवी. बीकॉम, बीएससी, बीकॉम, बीसीए, बीकॉम. एकही बीए नव्हतं.

"ही तुमची दरवर्षी लागणारी मुलं," तो म्हणाला.

"हे बघ, मी लपवलं नाही काही. आर्ट्सचा तू पहिलाच आलास. मला वाटलं, होईल." राजस सरांनी टेबलावरची पेनं सरळ केली. त्यांचा आवाज खाली आला. "खरंच वाटलं. तू मॅट्रिक्स ज्या स्पीडनं सोडवायचास ना, माझी सायन्सची पोरं सोडवत नाहीत."

हे खरं होतं. मितालीने ते पाहिलं होतं. दिवसपाळीहून आला की तो जेवायच्या आधी तासभर बसायचा. तिशीतला माणूस, दहावीनंतर गणिताला हात न लावलेला. सुरुवातीला अपूर्णांकांत अडायचा. मग एके दिवशी संभाव्यतेचं गणित त्याने तिला समजावून सांगितलं, वाटाणे आणि चणे मांडून. तिला ते कॉलेजात शिकूनही कधी कळलं नव्हतं. तिच्या गुणपत्रिकेवर त्या पेपरचे बावन्न गुण होते आणि त्यातलं तिला आज काहीही येत नव्हतं, जे येत होतं ते शार्दूलने शिकवलेलं.

"वहिनी, तुम्ही बीकॉम ना?" राजस सरांनी एकदम विचारलं. "तुमचं स्कोअरकार्ड आहे की. पहिल्या वर्षाचा पेपर चालतो. तुम्ही का नाही..."

वाक्य त्यांनी तिथेच सोडलं. शार्दूल वळून जिन्याकडे गेला होता.

---

घरी जाताना रिक्षा केली नाही. पाऊस थांबलेला होता, रस्त्याच्या खड्ड्यांत पाणी. शार्दूल पुढे चालत होता आणि दर थोड्या वेळाने खोकत होता. हा खोकला दोन वर्षांचा. डॉक्टर म्हणाले होते, जागा बदला. जागा म्हणजे नोकरी. कंपनीच्या डिस्पॅचमध्ये तो बसायचा, पण ड्रम भरायची शेड शेजारीच होती, आणि वारा डॉक्टरांचं ऐकत नव्हता.

म्हणून तर एमसीए. दुसऱ्या कुठल्या नोकरीसाठी बीएला कोणी दारात उभं करत नव्हतं, आणि कॉम्प्युटरकडे वळायला पुन्हा चार वर्षांचं इंजिनीअरिंग करणं शक्य नव्हतं. दोन वर्षांचा हा एक रस्ता होता. घराचा हप्ता दोघांच्या पगारावर चालायचा. बाबांचं पेन्शन औषधांना आणि वीजबिलाला. एमसीएला हजेरी पूर्ण लागते, म्हणजे शिकेल त्याची नोकरी सुटणार. एका वेळी एकच जण. कोण, हा प्रश्न घरात कधी कोणी विचारला नव्हता. खोकला ज्याला, तो.

भाजीवाल्याच्या गाडीपाशी शार्दूल थांबला. मिताली जवळ आल्यावर म्हणाला, "तुला किती होते? पर्सेंटाइल?"

"ब्याऐंशी."

"हो का. मला वाटलं सत्तर-बहात्तर."

त्याला आकडा माहीत होता. निकाल त्यानेच तिच्या फोनवर उघडला होता.

"शार्दूल..."

"मेथी घ्यायची का?" तो म्हणाला.

मेथी घेतली.

---

कृष्णकांत, शार्दूलचे वडील, दारातच उभे होते. तेही तळोज्यालाच नोकरी करून निवृत्त झालेले, दुसऱ्या कंपनीत. त्यांनी दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि चपला काढायला वाट दिली.

"चहा टाक गं," त्यांनी आत हाक मारली.

आशालताबाई, शार्दूलची आई, कपबशा घेऊन आल्या. शार्दूलने जे झालं ते सांगितलं, उभ्याउभ्या, चार वाक्यांत. प्रमाणपत्राचा भाग त्याने गाळला.

"म्हणजे गणित नाही म्हणून?" आशालताबाई म्हणाल्या. "पण दहावीला होतं की तुला. चांगले बासष्ट पडले होते."

"दहावीचं धरत नाहीत, आई."

"का? दहावीचं गणित वेगळं असतं?"

"राहू दे आई."

"मी आपलं विचारलं. बारावीला तुला इतिहास घे म्हणून मीच म्हणाले होते. तेव्हा एमपीएससीचं चाललं होतं तुझं."

"कोणी काही म्हणालं नाही तुला."

कृष्णकांतांनी चहा बशीत ओतला. ते कंपनीत होते तेव्हापासूनची ही सवय, घाईत प्यायची. आता घाई नव्हती, तरी बशी होतीच.

"एका अर्थी बरं झालं," ते म्हणाले. "दोन वर्षं पगार नाही म्हणजे ओढाताण. पुढच्या वर्षी तो गणिताचा पेपर देऊन टाक. तोवर साहेबांना सांगून ऑफिसच्या बाजूला टेबल मिळतंय का बघ. मी पण इतकी वर्षं काढलीच ना."

"काढली, आणि श्वासाच्या पंपाशिवाय जिना चढवत नाही तुम्हाला," आशालताबाई म्हणाल्या.

"तो वयाचा भाग आहे."

"हो. सगळ्या तळोज्याचं वय झालंय."

शार्दूल हसला. दिवसभरात पहिल्यांदाच. हसताना त्याला खोकला आला आणि तो गॅलरीत गेला. आतून त्याची पाठ दिसत होती. शर्ट खांद्यांवर घामाने चिकटलेला. रात्रपाळीनंतर तो झोपलाच नव्हता आणि आज पुन्हा रात्रपाळी होती.

मिताली मेथी निवडायला बसली. पानं एका बाजूला, देठं एका बाजूला. तिने मनात सगळं पुन्हा एकदा मांडलं, हिशेबाच्या वहीत मांडतात तसं नाही, नुसतं एकापुढे एक. ती गेली तर शार्दूल दोन वर्षं तिथेच राहील. ती गेली नाही तरी या वर्षी तो तिथेच राहील. पुढच्या वर्षी त्याचा पेपर धरतील की नाही, हे कोणालाच माहीत नाही. धरला तर तो जाईल, आणि पुन्हा ती घरचा पगार. तिची सीईटी या वर्षापुरतीच. तिला दोन वर्षांनी नोकरी लागली तर तो त्या दिवशी तिथून सुटेल, शिकून सुटेल की नुसता सुटेल, ते नंतरचं.

हे सगळं बरोबर होतं, पण तेवढंच नव्हतं. सीएच्या ऑफिसात ती आठ वर्षं दुसऱ्यांची व्हाउचरं टाकत होती. तिला शिकायचं होतं. मार्चमध्ये ते वाक्य वाचलं तेव्हा तिने स्वतःची पहिल्या वर्षाची गुणपत्रिका काढून पाहिली होती, आणि ते शार्दूलसाठी नव्हतं. त्याच्या खोकल्याच्या मागे उभं राहून हे म्हणणं सोपं होतं. तसं म्हणायचं नाही, एवढं तिने ठरवलं.

शार्दूल आत आला. तिच्या समोर बसला आणि एक जुडी ओढून घेतली.

"बाबा म्हणतात ते बरोबर आहे," तो हळू म्हणाला. "पुढच्या वर्षी बघू."

"तुला तसं वाटतं?"

"मला झोप येतेय. मला आत्ता काही वाटत नाही."

त्याने देठं पानांच्या बाजूला टाकली. तिने ती उचलून परत देठांत टाकली.

"राजस काय म्हणाला ते ऐकलंस ना तू?" ती म्हणाली.

"ऐकलं."

"मग?"

"मला विचारू नकोस, मिताली." तो मेथीकडे बघत होता. "मी जा म्हणालो तर मी पाठवलं असं होईल. नको म्हणालो तर मला स्वतःचं तोंड बघवणार नाही. तू मला विचारू नकोस."

आशालताबाईंनी टीव्हीचा आवाज कमी केला. कृष्णकांतांची बशी हातात राहिली.

"काय चाललंय?" त्यांनी विचारलं. "कसली चर्चा?"

शार्दूल देठ खुडत राहिला, एकाच देठाला तीन वेळा.

मितालीने हात पदराला पुसले.

"बाबा, माझं गणित पदवीला झालंय. उद्या मी माझा फॉर्म भरणार आहे," ती म्हणाली. "मला शिकायचंय. शार्दूलला अजून दोन वर्षं तळोज्याला जावं लागेल, हे मला माहीत आहे, आणि तरी मी भरणार आहे."